आधी तो ‘सध्या’ खोड

ताई, मी 25 वर्षांची. पावसच्या पुढे गाव, रोज एसटीने रत्नागिरीला लॅबमध्ये कामाला जाते. अकरावीपासूनचा एक मित्र आहे, तो पण त्याच गाडीला असतो, माझ्यासाठी खिडकी धरून ठेवतो. दोन्ही घरांचं येणंजाणं आहे, गणपतीत आमच्या मखराचं लाइटिंग दरवर्षी तोच करतो. तीन दिवसांपूर्वी रात्री सव्वाबाराला त्याचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्याचं माझ्यावर प्रेम आहे, दोन वर्षं सांगायचं होतं म्हणे. मला तसं काहीच वाटत नाही ताई. पण त्याच्यासारखा दुसरा मित्रही नाही मला. मी ‘उद्या बोलते’ एवढंच टाकलं आणि तापाचं निमित्त करून घरी बसलेय. एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणते नारळी पौर्णिमा आलीच आहे, राखी बांधून टाक, विषय संपेल. मी असा मेसेज लिहून ठेवलाय: ‘अरे तू खूप चांगला आहेस, तुझ्यासारखा मुलगा मिळायला नशीब लागतं. पण सध्या माझं सगळं लक्ष करिअरकडे आहे आणि घरचेही मानणार नाहीत. मला आपली मैत्री गमवायची नाहीये. प्लीज रागावू नकोस, खूप खूप सॉरी.’ पाठवू का?
– खिडकीवाली, रत्नागिरी

अगं खिडकीवाली, पाठवू नकोस.

तुझा मेसेज मी तीनदा वाचला आणि त्यात ‘नाही’ कुठे कुठे आलंय ते मोजलं. दोनदा आलंय. एक घरच्यांच्या नावावर आणि एक मैत्री गमवायची नाही म्हणून. ज्या प्रश्नाला तू उत्तर देतेयस त्याला ‘नाही’ कुठेच लिहिलेलं नाहीये. तुला वाटतंय की वाक्यांच्या मधून ते त्याला कळेल, पण चार मिनिटं जीव तोडून बोललेला माणूस वाक्यांच्या मधून काय शोधतो ते तुला ठाऊक आहे, तो फट शोधतो. तो हा मेसेज एकटा वाचणार नाही, तो एखाद्या जवळच्या दोस्ताला दाखवणार आणि तो दोस्त म्हणणार, ‘अरे पण ती नाही म्हणालीच कुठे?’ आणि खरं सांगायचं तर तो दोस्त बरोबर असेल.

‘सध्या’पासून सुरू करू. सध्या म्हणजे नंतर. आंबा सध्या कच्चा आहे म्हटलं की माणूस पेंढा घालून ठेवतो की नाही, तसंच. करिअरचं कारण दिलंस तर तो थांबेल, चांगला मुलगा आहे म्हणूनच थांबेल, आणि वर्षाने तू लॅबमध्ये पर्मनंट झालीस की पेढे घेऊन येईल आणि तोच प्रश्न परत विचारेल, आणि तेव्हा तुला वाटेल हा काय मागे लागलाय, पण त्याला थांबायला सांगितलं कोणी?

‘घरचे मानणार नाहीत’ हे तर त्याहून धोक्याचं, आणि आपल्याकडे तर फारच. तुला वाटतंय तू दोष घरच्यांवर ढकललास आणि सुटलीस. पण त्याने ऐकलं की तू तयार आहेस, अडचण फक्त घरची आहे. मग तो अडचण सोडवायला निघणार. गणपतीत मुंबईचे सगळे चाकरमानी घरात असतात, आत्या, काका, मामा, निम्मी लग्नं त्याच आठवड्यात बोलली जातात. त्याची एखादी काकी आरतीनंतर तुझ्या आईला माजघरात गाठून हळूच विषय काढेल, ‘पोरं एकमेकांना ओळखतायत, आपणच कशाला आडवं यायचं?’ आणि तुझ्या आईला तो मुलगा आवडतो ना? लाइटिंग करतो, गोड बोलतो, डोळ्यासमोरचा आहे. आई हो म्हणाली तर? मग तुला सगळ्या घरासमोर सांगावं लागेल की घरच्यांचा प्रश्न नव्हताच, आणि तेव्हा त्याचा अपमान दोघांत राहणार नाही, तो दहा माणसांत होईल. खोटं कारण देऊ नये ते एवढ्यासाठी. कारण दिलं की समोरचा त्याच्यावर उपाय काढत बसतो. ‘मला तसं वाटत नाही’ याच्यावर कुणाला काही उपाय काढता येत नाही.

तुझ्यासारखा मुलगा मिळायला नशीब लागतं हे वाक्य मायेचं आहे, पण तो लगेच मनात म्हणणार, मग तुला मिळतोय तर तू घे की. कौतुक करायचंच तर त्याने जे केलं त्याचं कर, सरळ तुझ्याशी बोलला, दुसऱ्याकडून निरोप पाठवला नाही. त्याच्या एकूण मुलगेपणाला सर्टिफिकेट देऊ नकोस.

आणि ‘सॉरी’. इथे मी थोडी अडते कारण आपल्याला सॉरी म्हणजे साधी माणुसकी वाटते. पण गिली फ्रीडमन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, रोजच्या साध्यासुध्या नकारांवर, की नकारात सॉरी घातलं तर समोरच्याला बरं वाटतं का. उलटं निघालं. सॉरी असलेला नकार जास्त लागला, आणि वर ऐकणाऱ्यावर ‘असू दे, माफ केलं’ म्हणायचं ओझं आलं, मनात तसं नसताना. विचार कर, तू ‘खूप खूप सॉरी, रागावू नकोस’ लिहिलंस की त्याला रात्री साडेआठला, रडू गिळत, तुलाच टाइप करावं लागणार, ‘अगं नाही गं, इट्स ओके, चिल.’ म्हणजे मार त्याला बसला आणि तुझी समजूत पण त्यानेच काढायची. एकदा ‘तुला हे ऐकून वाईट वाटेल हे मला कळतंय’ म्हण, ते पुरे. माफी मागू नकोस, तू काही गुन्हा केलेला नाहीस.

मी एवढ्या खात्रीने बोलतेय कारण मी ही चूक करून बसलेली बाई आहे. मी बावीसची होते, कॉलेजचा ग्रुप होता, त्यातल्या एकाने मांडवीच्या जेटीवर विचारलं आणि मी म्हणाले, ‘बघू.’ मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून ‘बघू’ आलं कारण वारा होता, तो उभा होता, पायाकडे बघत होता, आणि नाही हा शब्द मला त्या क्षणी दगड मारल्यासारखा वाटला. माझ्या डोक्यात मी नाही म्हणून मोकळी झाले होते. त्याच्या डोक्यात मी बघत होते. मी तब्बल एक सीझन बघत होते, म्हणजे मोहोर येऊन आंबा उतरेपर्यंत, आणि त्याने पुण्याची एक नोकरी लांबणीवर टाकली होती हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. मग एक दिवस स्टँडवर त्याने परत विचारलं तर मी चिडले, ‘तुला सांगितलं होतं ना!’ तो म्हणाला, ‘कधी?’ आणि खरंच, मला ती तारीख सांगता आली नाही. आमची मैत्री त्या ‘कधी’वर मोडली. काही वर्षांनी त्याच्या भावाच्या लग्नाची पत्रिका आली, पाकिटावर बाबांचं नाव आणि पुढे ‘सहकुटुंब’, माझं नाव नव्हतं. अक्षर त्याचं होतं, ते मला ओळखू आलं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की हे माझं एकटीचं नाही. रॉय बाउमाइस्टर वगैरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांच्या त्यांच्या कहाण्या लिहून घेतल्या. प्रेम करणारे म्हणत होते आम्हाला झुलवलं, स्पष्ट असं कधी सांगितलंच नाही. आणि नकार देणारे म्हणत होते आमची काही चूक नव्हती, तरी अपराधी वाटत राहिलं, आणि समोरचा मागे लागून वैताग आणत होता. त्यांनी त्यात एक मुद्दा मांडलाय तो मला फार पटतो, की प्रेमात झुरणाऱ्याने काय करायचं हे गाणी, सिनेमे सगळे शिकवतात, झुरायचं, हरायचं नाही, शेवटी ती हो म्हणते. नकार देणाऱ्याला कुणी संवादच लिहून दिलेले नाहीत. म्हणून आपण ‘बघू’ म्हणतो, ताप आलाय म्हणतो, राखी आणतो.

तर राखी. अजिबात नको. पौर्णिमेला सगळं गाव खाडीवर नारळ सोडायला जमलेलं असताना किंवा तुमच्याच पडवीत त्याच्या आईसमोर तू ताट घेऊन उभी राहिलीस तर तो हात मागे घेऊ शकणार आहे का? नाही. म्हणजे त्याला उत्तर देण्याआधीच तू त्याचा हात बांधलास, आणि तेही चारचौघांत, आणि का बांधलास हे फक्त तुम्हा दोघांना (आणि त्या मैत्रिणीला) माहीत. असं केलेलं मुलं विसरत नाहीत. शिवाय ते खोटं आहे. तो तुझा भाऊ नव्हता, मित्र होता, आणि तुला तो मित्रच हवा आहे ना? मग नातं बदलून कशाला देतेस. नकार सांगायला धागा लागत नाही, तोंड लागतं. आधीपासून बांधत असतीस तर गोष्ट वेगळी होती.

आता लिहायचं काय ते. लिहायचंच, हे मी मुद्दाम म्हणतेय. नेहमीचा सल्ला असतो की एवढ्या जवळच्या माणसाला तोंडावर सांगावं, आणि शहरात मी पण कदाचित तेच म्हटलं असतं. पण तू आत्ता ‘भेटून बोलू’ टाकलंस की तो इस्त्रीचा शर्ट घालून येणार. तीन दिवसांनी, भेटून, म्हणजे नक्की हो. आणि तिथे तुझ्यासमोर त्याचा चेहरा पडणार, आणि मग तोच चेहरा घेऊन त्याला त्याच गाडीने, त्याच कंडक्टरकडून तिकीट काढून, सगळ्या ओळखीच्या बायांमध्ये बसून पाऊण तास घरी यायचंय. पहिला घाव त्याला त्याच्या खोलीत, दार लावून झेलू दे. तो मेसेजवर बोलला, तू मेसेजवर उत्तर दे. फक्त व्हॉइस नको, व्हॉइस तो पन्नास वेळा ऐकेल आणि तुझ्या श्वासात अर्थ काढत बसेल. टाइप कर. रात्री आठ-साडेआठला, जेव्हा तो घरी असेल. सकाळी गाडीच्या आधी नको आणि मध्यरात्री तर नकोच, मध्यरात्रीच्या मेसेजला आपसूक एक वेगळा वास येतो.

मी असं लिहिलं असतं, तू तुझ्या भाषेत बदल:

‘तू पाठवलंस ते मी पूर्ण ऐकलं. तीन दिवस गप्प बसले ते चुकलं, काय बोलावं सुचत नव्हतं. तू आडून न बोलता सरळ मलाच सांगितलंस ते मला आवडलं. माझं उत्तर नाही असं आहे. मला तुझ्याबद्दल मित्र म्हणूनच वाटतं, तसं प्रेम वाटत नाही, आणि पुढे वाटेल असंही मला वाटत नाही, म्हणून तू थांबू नयेस. हे वाचून तुला वाईट वाटेल हे मला कळतंय. मला तू मित्र म्हणून हवा आहेस, पण तुला ते जमेल की नाही हे आज सांगायची गरज नाही. काही दिवस बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी गैरसमज करून घेणार नाही. भेटून बोलायचं असेल तर तेही चालेल. माझ्या एका मैत्रिणीला हे माहीत आहे, ती कुठे बोलणार नाही. बाकी कुणाला मी सांगितलेलं नाही.’

बघ, ‘नाही’ मध्यावर आलंय, शेवटी नाही. वर तीन ओळी माणसासारख्या, मग उत्तर, मग त्याला श्वास घ्यायला जागा. ‘थांबू नयेस’ हे मी मुद्दाम घातलंय, ते तुला कठोर वाटेल आणि तू ते काढायला जाशील. काढू नकोस. माझ्या ‘बघू’ला एवढी एकच ओळ कमी होती. मैत्रीबद्दल एकच वाक्य आहे आणि त्यात मागणी नाही, कारण आत्ता त्याच्याकडे मैत्रीचं वचन मागणं म्हणजे हात मोडलेल्या माणसाला सामान धरायला देणं. आणि मैत्रिणीचं मी लपवू दिलं नाही. तू ‘कुणाला सांगितलं नाही’ लिहिलं असतंस आणि ती मैत्रीण त्याला बघून एकदा जरी वेगळं हसली असती तरी तुझ्या मेसेजमधली प्रत्येक ओळ त्याच्यासाठी खोटी झाली असती.

पाठवलास की डिलीट फॉर एव्हरीवन करायचं नाही आणि दर पाच मिनिटांनी ‘ठीक आहेस ना?’ टाकायचं नाही. ब्लू टिक आली आणि उत्तर नाही आलं तर नाही आलं. कदाचित फक्त ‘ओके’ येईल. त्या ‘ओके’वर जाऊ नकोस. कदाचित ‘का पण? माझ्यात काय कमी आहे?’ येईल, आणि हा सापळा त्याने लावलेला नसतो, तो खरंच विचारत असतो, पण तू यादी द्यायला लागलीस की मेलीस. ‘कमी काही नाहीये, मला ते वाटत नाही एवढंच आहे’ असं एकदा म्हण, परत विचारलं तर तेच परत म्हण, शब्द न बदलता. शब्द बदललेस की त्याला वाटेल उत्तर बदलतंय.

भेटायचं म्हणाला तर दिवसाढवळ्या, रत्नागिरीत, वीसेक मिनिटं. भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला नको आणि थिबा पॉइंटवर तर नकोच नको, तिथे जोड्यांच्या मधे बसून नकार द्यायचा म्हणजे क्रूरपणा आहे. त्याच्या बाईकच्या मागे बसून पण नको, परत यायला तुला त्याच्याच मागे बसावं लागेल. जिथून दोघांना दोन वाटांनी निघता येईल अशी साधी जागा बघ, चहा उभ्याने पिता येईल अशी. हात धरू नकोस, मिठी नको, आणि रडलीस तरी हरकत नाही पण त्याला पुसायला लावू नकोस.

खरी परीक्षा मात्र मेसेजनंतरची आहे, आणि आपल्या गावांत ती जास्त अवघड, कारण अंतर ठेवायचं म्हटलं तरी ठेवायचं कुठे? एकच गाडी, एकच वाडी, एकच देऊळ. मुंबईत माणूस डबा बदलतो आणि सहा महिने दिसत नाही.

ती खिडकी आधी सोड. हे तुला बारीक वाटेल पण सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होईल. त्याने उद्या सवयीने रुमाल टाकून जागा धरली आणि तू बसलीस, वाईट नको वाटायला म्हणून, तर त्याला काय कळलं? की नाही म्हणाली पण शेजारी बसली. मग परवा तू पुढे बायकांत बसलीस तर तो दिवसभर विचार करणार, आज काय झालं. जेटीवर गरवत बसलेले असतात ना, सकाळपासून गरी पाण्यात, चार तासांत एक बोय लागते, आणि ती एक लागली म्हणून माणूस अजून चार तास उठत नाही. रोज लागली तर कंटाळून उठेल, कधीच नाही लागली तर घरी जाईल. कधीतरी लागते तेच माणसाला धरून ठेवतं. तुझी माया अशी कधीतरी लागणारी होऊ देऊ नकोस. ठरव आणि सरळ सांगून टाक, ‘काही दिवस मी पुढे बसते, तू जागा धरू नकोस.’ मग रोज पुढे बस. त्याच्यावर चिडलेली असशील तरी आणि त्याची फार आठवण आली तरी. गाडीत चढताना मान हलवून हसलीस तर चालेल, गावात बोलायला तेवढं पुरतं, आणि अबोला धरलास तर तिसऱ्या दिवशी कंडक्टरच विचारेल, ‘काय गो, भांडलात काय?’

तसंच रात्रीच्या गप्पा बंद, ‘जेवलास का’ बंद, त्याच्या स्टेटसला पहिला बदाम तुझा नको, आणि त्याला कामं सांगणं बंद. हे शेवटचं मी ठासून सांगते. रिचार्ज कर, औषध आण, बाबांना स्टँडवर सोड, ही कामं तो आत्ता आनंदाने करेल आणि प्रत्येक काम मनात जमा करेल. मैत्री परत हवी असेल तर हा हिशोब साचू देऊ नकोस.

पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत एकोणीसेक दिवस असतात, म्हणजे मेसेज पाठवलास की तीनेक आठवड्यांत मखर दारात. लाइटिंगचं त्याला आधीच मोकळं कर. चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी एक मेसेज, ‘यंदा लाइटिंगला यायचं की नाही ते तुझ्यावर. आलास तर नेहमीसारखा ये, नाही आलास तर आईला मी सांगेन तुला काम आहे, ती विचारत बसणार नाही.’ आणि खरंच सांग, आणि दुसऱ्या कुणाला तरी माळा लावायला सांगून ठेव, म्हणजे तो नाही आला तर घरात अंधार आणि चर्चा दोन्ही नको. आला तर तू स्टूल धरायला एकटी उभी राहू नकोस, धाकट्या कुणाला तरी लाव. आई विचारेलच, आयांना वास येतो. तेव्हा ‘काही नाही गं, दोघांना कामं आहेत’ एवढंच. त्याची गोष्ट ती त्याची आहे, ती तुझ्या आईजवळही उघडू नकोस, नाहीतर भजनाला तो आला की आई त्याला एक मोदक जास्त वाढेल आणि त्याला कळेल की हिला कळलंय.

किती दिवस हे? मी आकडा देणार नाही. खुणा देते. तो परत तुझी टिंगल करायला लागला, म्हणजे खरी, लागेल अशी, तर बरं चाललंय, प्रेमात असलेला माणूस जपून बोलतो. त्याच्या कंटाळवाण्या गोष्टी परत सांगायला लागला, वायरमनने कसा गोंधळ घातला वगैरे, तर बरं. तुला काही विचारायचं राहून गेलं आणि त्याला आठवलं पण नाही, तर फारच बरं. उलट प्रत्येक बोलणं फिरून ‘तू काही विचार केलास का’वर येत असेल, किंवा तुझ्यासाठी केलेल्या गोष्टी तो मोजून दाखवत असेल, किंवा लॅबमधल्या एखाद्या मुलाचं नाव तुझ्या तोंडून आलं की त्याचं तोंड उतरत असेल, तर अजून वेळ आहे, अंतर परत वाढव, आणि का वाढवतेयस ते एकदा सांगून वाढव.

एक खूण तुझ्या बाजूची. तो खरंच लांब गेला, दुसरीशी बोलायला लागला, खिडकीत दुसरी कुणी बसली, तर तुला पोटात काहीतरी होईल. तेव्हा ‘अरे, म्हणजे माझं पण प्रेम होतं की काय’ असं म्हणून त्याला रात्री मेसेज करू नकोस. सात-आठ वर्षं कुणी आपल्यासाठी जागा धरतं आणि मग धरत नाही, त्याचं वाईट वाटतंच. त्याला प्रेम म्हणत नाहीत. महिनाभर थांब, तोवर ते उतरतं.

आणि तो मैत्री नको म्हणाला तर? म्हणू शकतो. तो त्याचा हक्क आहे आणि तेव्हा तू ‘म्हणजे एवढीच होती का मैत्री’ असं म्हणायचं नाही. त्याला तुझ्या शेजारी बसून दुखत असेल तर त्याने का बसावं?

तू सांगतेस त्यावरून मला तो मुलगा सरळ वाटतोय, म्हणून पुढचं थोडक्यात. नकारानंतर तो रोज स्टॉपवर अडवायला लागला, नको म्हटलं तरी फोन, मेसेज, मागे मागे येणं थांबेना, तर तो मैत्रीचा विषय उरत नाही, मग घरी सांग, आणि गरज पडली तर 112 ला फोन कर, मागे लागण्याला भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. आणि ‘मी जिवाचं काहीतरी करून घेईन’ असं म्हणाला तर ते घाबरवायला म्हणतोय की खरं हे तू ठरवत बसू नकोस, हो पण म्हणू नकोस, लगेच त्याच्या भावाला नाहीतर घरच्या कुणाला तरी फोन करून त्याला एकटा सोडू नका म्हणून सांग, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दे, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी तू गुप्तता वगैरे काही पाळायची नाही.

बाकी आज रात्रीच पाठव. चौथा दिवस होऊ देऊ नकोस, ‘उद्या बोलते’ला आता चार उद्या होतील. पण त्याआधी त्या मैत्रिणीला फोन कर, आणि तिला सांग की हे तुझ्याजवळच ठेव, आणि राखीचं कुणाजवळ बोलली असशील तर तेही आत्ताच सांग मला. तिने राखी विकत आणून ठेवली असेल तर ती तिच्याकडेच राहू दे. आणि उद्या ताप उतरू दे, गाडीला जा, पुढे बस.